एकरकमी २२ लाख की दरमहा २० हजार? पोटगीच्या दोन आकड्यांची तुलना कशी करायची

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या एका प्रकरणात दरमहा ५० हजार रुपये आणि दर दोन वर्षांनी त्यात ५ टक्के वाढ असा आदेश दिला. त्याआधी उच्च न्यायालयाने दरमहा २० हजार आणि दर तीन वर्षांनी ५ टक्के वाढ ठरवली होती. बातम्यांत ५० हजारांचा मथळा झाला. "दर दोन वर्षांनी ५ टक्के" या शब्दांवर फारसं कुणी बोललं नाही. मला मात्र तेच शब्द जास्त मोलाचे वाटले. का, ते पुढे येईलच.

त्या दिवसांत माझ्या नाशिकरोडच्या ऑफिसात एक ताई आणि त्यांचे थोरले भाऊ आले होते. मी कर सल्लागार आहे, वकील नाही, पण हिशोब करून घ्यायला वकीलच माझ्याकडे लोक पाठवतात. ताईंचं वय ३८. शिवणकामातून थोडंफार मिळतं. नवरा अंबडच्या एका कारखान्यात कायम कामगार. संमतीने घटस्फोट घ्यायचं ठरलेलं, मुलगी नाही, मुलगा नाही. समोरच्या वकिलांनी कागदावर दोन ओळी लिहून पाठवल्या होत्या: एक तर २२ लाख एकरकमी, नाही तर दरमहा २० हजार, १५ वर्षं. (ओळख पटू नये म्हणून इथे तपशील आणि आकडे बदलले आहेत, हिशोबाची रीत तीच.)

भाऊंनी मोबाइलवर गुणाकार करूनच आणला होता. "साहेब, वीस हजार गुणिले एकशे ऐंशी, छत्तीस लाख होतात. बावीस कुठे आणि छत्तीस कुठे? चौदा लाखाला गंडवायला निघालेत."

ताईंच्या वकीलबाई मात्र म्हणत होत्या, एकरकमी घ्या आणि मोकळ्या व्हा. दोघांचंही म्हणणं मनापासूनचं होतं, आणि दोघांनीही एक पायरी गाळलेली होती.

## भाऊंना हे गणित आधीच येत होतं

भाऊंची निफाडकडे द्राक्षबाग आहे. मी त्यांना विचारलं, "बागेत व्यापारी आला आणि म्हणाला, रोख घेणार असाल तर पस्तीस रुपये किलो, दोन महिन्यांनी पैसे चालतील तर अडतीस. काय करता?"

"पस्तीस घेतो. दोन महिन्यांनी तो कुठे शोधायचा? आणि औषधवाल्याची उधारी आत्ता द्यायची असते."

म्हणजे अडतीस हा आकडा पस्तिसापेक्षा मोठा आहे, तरी भाऊ पस्तीस घेतात. उद्याचा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो, हे त्यांच्या व्यवहारात रोजचंच आहे. त्यात दोन कारणं मिसळलेली आहेत. एक, पैसा आज हातात आला तर तो काहीतरी काम करतो: व्याज आणतो किंवा व्याज वाचवतो. दुसरं, उद्याचा पैसा कदाचित येणारच नाही. ही दोन कारणं वेगळी ठेवायची आहेत, कारण ती एकत्र केली की हिशोब बिघडतो. आधी पहिलं घेऊ.

आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे: वटाव. सावकाराकडे तीन महिन्यांनंतरची हुंडी आज वटवायला नेली, तर तो पूर्ण रक्कम देत नसे, तीन महिन्यांचं व्याज कापून उरलेली देत असे. त्या कापण्याचा दर म्हणजे वटाव दर. कापून हातात पडणारी रक्कम म्हणजे त्या हुंडीचं वर्तमान मूल्य, आजची किंमत. १८० महिन्यांचे हप्ते म्हणजे १८० हुंड्या. प्रत्येक हुंडी तिच्या तारखेप्रमाणे वटवायची आणि बेरीज करायची, बस इतकंच.

वर्षाला ७ टक्के दर धरला तर पहिल्या महिन्याचे २० हजार आज १९,८८४ रुपयांचे होतात. शेवटच्या, १८०व्या महिन्याचे २० हजार आज फक्त ७,०२० रुपयांचे. सगळ्यांची बेरीज येते २२ लाख २५ हजार रुपये. छत्तीस नव्हे.

भाऊंचा चेहरा उतरला. "म्हणजे दोन्ही सारखंच?"

७ टक्क्यांना, हो, जवळपास सारखंच. समोरच्या वकिलांनी आकडे असेच हवेत सोडलेले नव्हते.

## धरणातलं पाणी

हा आकडा कुणाला पटत नसेल तर मी उलटा हिशोब करून दाखवतो. गंगापूर धरणातून आवर्तन सोडतात तसं डोळ्यांपुढे आणा. धरणात आज काही पाणी आहे. दर महिन्याला ठरलेलं आवर्तन सोडायचं आहे, आणि वरून थोडी आवकही चालू आहे. प्रश्न इतकाच: आज किती साठा हवा, म्हणजे बरोबर १८०व्या आवर्तनाला धरण कोरडं पडेल?

२२,२५,११९ रुपये ७ टक्क्यांनी ठेवले. पहिल्या महिन्यात व्याजाची आवक १२,९८० रुपये. आवर्तन २० हजारांचं. म्हणजे साठ्यातून गेले फक्त ७,०२० रुपये. पुढच्या महिन्यात साठा किंचित कमी, म्हणून आवक किंचित कमी, साठ्यातून थोडे जास्त जातात. असं होत होत पंधरा वर्षांनी साठा शून्यावर येतो आणि ताईंना मिळालेले असतात बरोबर छत्तीस लाख. भाऊंचे चौदा लाख कुणी खाल्लेले नाहीत. ते पंधरा वर्षांच्या व्याजातून आलेले आहेत, आणि ते व्याज २२ लाख ठेवूनही मिळणार आहे.

संगणकावरच्या कोणत्याही हिशोबाच्या तक्त्यात हे एका ओळीत निघतं:

```
=PV(7%/12, 180, -20000)
```

यात लोक ठरावीक दोन ठिकाणी चुकतात. एक, वर्षाचा दर बाराने न भागता तसाच टाकतात. मग तो महिन्याला ७ टक्के धरला जातो आणि उत्तर तीन लाखांच्याही खाली येतं. दोन, १८० च्या जागी १५ टाकतात. उत्तर बरोबर आहे की नाही हे ओळखायची साधी खूण अशी: आकडा एकूण बेरजेपेक्षा कमी हवा, आणि त्या रकमेवरचं पहिल्या महिन्याचं व्याज हप्त्यापेक्षा कमी हवं. व्याज हप्त्याहून जास्त निघालं तर धरण कधी कोरडंच पडणार नाही, म्हणजे कुठेतरी गडबड आहे.

## सगळं भांडण दराचं

आता खरी गोम. ७ टक्के हे मी कुठून आणले? दर बदलला की निकाल बदलतो. त्याच २० हजारांच्या हप्त्यांची आजची किंमत ५ टक्क्यांना २५ लाख २९ हजार होते, ६ टक्क्यांना २३ लाख ७० हजार, ९ टक्क्यांना १९ लाख ७२ हजार आणि १२ टक्क्यांना १६ लाख ६६ हजार. २२ लाखांच्या बरोबरीला येण्याचा दर आहे ७.२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दर त्याहून कमी धरला तर हप्ते भारी, जास्त धरला तर एकरकमी भारी.

यामुळे ज्याला जे सिद्ध करायचं असेल तसा दर तो धरू शकतो. समोरच्या बाजूने कुणी म्हणालं की "म्युच्युअल फंडात बारा टक्के सुटतात, त्या हिशोबाने आम्ही तुम्हाला पाच लाख जास्तच देतोय", तर त्यात गणिताची चूक नाही. चूक आहे ती जोडी लावण्यात. फंडाचे १२ टक्के हे चढउतार सोसल्याबद्दल मिळू शकतात, मिळतीलच असं नाही. आणि ज्या बाईला दर महिन्याला घरभाडं आणि किराणा भरायचा आहे, ती बाजार पडलेल्या वर्षीही पैसे काढणारच. ठरलेल्या, निश्चित हप्त्याची तुलना निश्चित व्याजाशीच करायला हवी.

म्हणून मी दर असा निवडतो: एकरकमी पैसा हातात आला तर ही व्यक्ती तो खरोखर कुठे ठेवेल, आणि तिथे धोका न घेता काय मिळेल? ताईंचं उत्तर स्पष्ट होतं, "बँकेत आणि पोस्टात." पोस्टाची मासिक उत्पन्न योजना २०२३ च्या एप्रिलपासून ७.४ टक्के देत आली आहे, पण एका नावावर ९ लाखांपर्यंतच. बाकीचे मुदत ठेवीत, तिथे मोठ्या बँका साधारण ६ ते ७ टक्के देतात. एकूण सरासरी ७ च्या आतबाहेर.

यात एक काळजीची गोष्ट आहे. आजचा दर पंधरा वर्षं टिकत नाही. पोस्टाची ठेव पाच वर्षांनी सुटते आणि पुन्हा त्या वेळच्या दराने ठेवावी लागते. २०२०-२१ मध्ये मोठ्या बँकांच्या दीर्घ मुदतीच्या ठेवी साडेपाच टक्क्यांच्या आसपास आल्या होत्या, हे विसरू नये. दर खाली गेले तर एकरकमी घेणाऱ्याचं धरण लवकर आटतं. हप्ते घेणाऱ्याला त्याची झळ नाही, त्याचे २० हजार ठरलेलेच.

## "पण महागाईचं काय?"

हा प्रश्न नेहमी येतो आणि बरेचदा त्याचं उत्तर हिशोबात दोनदा घातलं जातं. कुणी म्हणतं, महागाई ५ टक्के, व्याज ७ टक्के, म्हणून १२ टक्क्यांनी वटवा. हे चूक. बँक देते त्या ७ टक्क्यांत महागाईचा भाग आधीच धरलेला असतो. तो पुन्हा मिळवायचा नाही.

पण महागाईची खरी ओळख करून घ्यायची असेल तर हप्त्याकडे बघा. ५ टक्के महागाई धरली तर पंधराव्या वर्षाच्या शेवटी मिळणाऱ्या २० हजारांत आजच्या ९,६०० रुपयांइतकाच किराणा येईल. ताई तेव्हा ५३ वर्षांच्या असतील, शिवणयंत्रावर बसायची ताकद आजच्याइतकी नसेल.

इथे त्या निकालातले शब्द कामाला येतात. हप्ता २० हजारच, पण दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ. शेवटच्या वर्षी तो २८,१४२ रुपये होतो. ७ टक्क्यांनी वटवलं तर सगळ्या हप्त्यांची आजची किंमत २२ लाख २५ हजारांवरून २५ लाख ४३ हजार होते. कागदावरची एक ओळ, आणि तीन लाखांहून जास्त फरक. वाटाघाटीत लोक २० चे २२ हजार करून घेण्यासाठी तासन् तास घालवतात. २२ हजारांचा सपाट हप्ता आज २४ लाख ४८ हजारांचा. म्हणजे वाढीची ओळ त्याहूनही भारी पडते, आणि समोरच्याच्या डोळ्यांत ती कमी खुपते, कारण पहिले दोन वर्षं त्याच्या खिशाला काहीच फरक पडत नाही.

## आता दुसरं कारण: हप्ता थांबला तर?

आतापर्यंतचा सगळा हिशोब असं धरून होता की १८० च्या १८० हप्ते येणारच. सरकारी रोख्याबद्दल असं म्हणता येतं. नवऱ्याबद्दल म्हणता येईल का?

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २५ मध्ये एकरकमी आणि मासिक, दोन्ही प्रकारची कायम पोटगी सांगितलेली आहे. पण त्याच कलमात असंही आहे की परिस्थिती बदलली तर न्यायालय आदेशात फेरबदल करू शकतं, आणि पोटगी घेणाऱ्या व्यक्तीने पुन्हा लग्न केलं तर आदेश बदलता किंवा रद्द करता येतो. म्हणजे मासिक पोटगीला कायद्यातच दोन दारं आहेत. त्याखेरीज कारखाना बंद पडणं, नोकरी जाणं, मृत्यू, किंवा नुसतं "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत टाळणं. टाळलं तर वसुलीची दरखास्त दाखल करता येते, पण प्रत्येक दरखास्तीला वकिलाची फी, सीबीएसजवळच्या न्यायालयात तारखांना हजेरी आणि बुडालेली शिलाई लागते. हा खर्च कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

हा धोका आकड्यात कसा आणायचा? मी ताईंना विचारलं, "दर वर्षी शंभरातल्या किती वेळा हे हप्ते कायमचे थांबतील असं वाटतं? अंदाजाने सांगा." त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "चार धरा."

चार टक्के कमी वाटतात. पण दर वर्षी ४ टक्के म्हणजे पंधराव्या वर्षाच्या शेवटी हप्ता चालू असण्याची शक्यता उरते साधारण ५४ टक्के, जवळजवळ छापा-काटा. हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं, कारण वार्षिक टक्का ऐकून माणसाला काहीच जाणवत नाही. त्यांना ते पटलं, "हो, निम्म्याने भरवसा आहे मला."

हिशोबात हा धोका घालायची सोपी पद्धत म्हणजे तो दरात मिळवणं: ७ अधिक ४, म्हणजे ११ टक्के. ही अगदी काटेकोर रीत नाही, पण या कामापुरती पुरेशी जवळची आहे. ११ टक्क्यांनी सपाट २० हजारांची आजची किंमत १७ लाख ६० हजार. आता २२ लाख एकरकमी स्पष्टपणे वरचढ झाले, चार लाख चाळीस हजारांनी.

धोका दोनच टक्के धरला तर? ९ टक्क्यांना सपाट हप्ते १९ लाख ७२ हजार. तरीही एकरकमीच पुढे. पण दोन वर्षांनी ५ टक्के वाढ असलेले हप्ते ९ टक्क्यांनाही २२ लाख ३४ हजार येतात. याचा अर्थ वाढीची ती एक ओळ वर्षाला दोन टक्क्यांच्या धोक्याची भरपाई करते. चार टक्क्यांची करत नाही.

भाऊ इथे म्हणाले, "म्हणजे व्यापाऱ्यासारखंच. ओळखीचा असला तर अडतीस, नवखा असला तर पस्तीस रोख." अगदी तसंच. आणि मघाशी दोन कारणं वेगळी ठेवायला सांगितलं ते याचसाठी. पहिल्या सात टक्क्यांवर कुणाशीही वाद घालता येतो, बँकेचा फलक दाखवता येतो. पुढचे दोन किंवा चार हे त्या माणसाबद्दलचे आहेत, आणि ते पंधरा वर्षं त्याच्याबरोबर राहिलेल्या बाईलाच ठाऊक.

## "एकरकमी" खरंच एकरकमी असते का?

संमतीच्या घटस्फोटात अर्ज दाखल करताना एकदा आणि साधारण सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा, असे दोन टप्पे असतात. पुष्कळदा रक्कमही तशीच वाटून देतात: निम्मी आता, निम्मी दुसऱ्या टप्प्याला. ११ लाख आता आणि ११ लाख सहा महिन्यांनी, याची आजची किंमत ७ टक्क्यांनी २१ लाख ६२ हजार. फरक ३८ हजारांचा, म्हणजे हप्त्यांशी तुलना करायची तर २२ नव्हे, २१ लाख ६२ हजार हा आकडा घ्यायचा. सहा महिन्यांना हे चालून जातं. "एकरकमी, पण तीन वर्षांत चार हप्त्यांत" असं काही आलं तर त्याला एकरकमी म्हणू नये. तो हप्ताच आहे, आणि त्याला हप्त्याचा धोकाही लागू आहे.

## कर

इथे थोडक्यात. दरमहा मिळणारी पोटगी घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. एकरकमी पोटगी साधारणपणे भांडवली स्वरूपाची मानतात आणि ती करपात्र उत्पन्नात येत नाही. याचा आधार मुंबई उच्च न्यायालयाचा १९८३ चा निकाल आहे. मात्र एकरकमी रक्कम ठेवल्यावर येणारं व्याज करपात्र असतंच, हे सांगायला लोक विसरतात. ताईंचं सगळं मिळून उत्पन्न वर्षाला चार लाखांच्याही आत राहणार होतं, त्यामुळे कराने त्यांच्या निर्णयात काहीच फरक पडला नाही. चांगल्या पगाराची नोकरी असलेल्या बाईचं तसं नसतं. तिच्यासाठी हप्ता कर वजा करून मांडायचा आणि वटाव दरही कर वजा करून. दोन्हीपैकी एकाच बाजूला कर लावला की तुलना लंगडी होते.

## "एकरकमी पैसा हातात टिकत नाही"

ही शंका मी हसण्यावारी नेत नाही. २२ लाख खात्यात आल्यावर चुलतभावाच्या ट्रॅक्टरपासून ते "गावाकडे प्लॉट स्वस्तात आहे" पर्यंत मागण्या येतात, आणि नाही म्हणणं घटस्फोटित बाईला आपल्या घरांत सोपं नसतं. वर्तमान मूल्याचा हिशोब असं गृहीत धरतो की पैसा धरणातच राहील. कुणी मधेच पाट फोडला तर गणित काय करणार?

भाऊ यावर जरा जास्तच गप्प झाले.

उपाय आहेत. बँकांमध्ये अ‍ॅन्युइटी ठेव मिळते: एकदा रक्कम भरायची, आणि ती मुद्दल अधिक व्याज अशी दरमहा परत येते, दहा वर्षांपर्यंत. पोस्टात ९ लाख ठेवले तर महिन्याला ५,५५० रुपये व्याज येतं आणि पाच वर्षांनी मुद्दल शाबूत परत मिळते. म्हणजे एकरकमी घेऊनही स्वतःला हप्ता बांधून घेता येतो. तो बँकेकडून येतो, नवऱ्याकडून नाही.

## त्याचा दर वेगळा, आपला वेगळा

इतका वेळ आपण टेबलाच्या एकाच बाजूने बघत होतो. दुसऱ्या बाजूने बघितल्याशिवाय वाटाघाट कळत नाही.

समजा नवऱ्याकडे रोख काहीच नाही आणि २२ लाखांसाठी त्याला १२ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज काढावं लागेल. त्याच्यासाठी २० हजारांच्या हप्त्यांचं ओझं आज १६ लाख ६६ हजारांचं आहे. त्याने २२ लाख एकरकमी का द्यावेत? तो देणार नाही, किंवा कबूल करून पुढे टाळेल. अशा माणसाशी हप्त्यावरच बोलणं शहाणपणाचं, फक्त ते हप्ते घट्ट बांधून. कलम २५ मध्येच तरतूद आहे की गरज असेल तर पोटगीसाठी त्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवता येतो. घरावर किंवा प्लॉटवर बोजा चढला की ताईंचे चार टक्के एक-दोन टक्क्यांवर येतात. हप्ता तोच, पण त्याची आजची किंमत वाढते, आणि त्यासाठी नवऱ्याला एक रुपयाही जास्त द्यावा लागत नाही.

उलट समजा त्याच्याकडे मखमलाबादचा प्लॉट विकून आलेली रक्कम ६ टक्क्यांच्या ठेवीत पडून आहे. त्याच्यासाठी हप्त्यांचं ओझं २३ लाख ७० हजार. ताईंच्या दृष्टीने, चार टक्के धोका धरून, त्याच हप्त्यांची किंमत १७ लाख ६० हजार. या दोन आकड्यांच्या मधली कोणतीही एकरकमी रक्कम दोघांनाही फायद्याची आहे. २२ लाख त्यात वरच्या बाजूला बसतात. म्हणजे भाऊ ज्याला गंडवणं म्हणत होते, तो खरं तर चांगला देकार होता.

ताईंच्या बाबतीत खरी स्थिती मधली निघाली. नवऱ्याकडे दहा-बारा लाख होते, बाकीच्यासाठी तो सोसायटीकडे कर्ज मागणार होता, आणि ते मंजूर होईलच याची खात्री नव्हती. म्हणून आम्ही तिसरा कागद मांडला: १० लाख लगेच, आणि दरमहा ११ हजार, १५ वर्षं. ७ टक्क्यांनी त्याची आजची किंमत २२ लाख २४ हजार, म्हणजे सपाट २० हजारांच्या हप्त्यांइतकीच. पण ११ टक्क्यांनी, म्हणजे ताईंचा धोका धरून, ती १९ लाख ६८ हजार राहते, नुसत्या हप्त्यांची १७ लाख ६० हजारांवर घसरते. निम्मा पैसा सुरुवातीलाच हातात आल्यामुळे धोका निम्म्यावरच बसतो. शिवाय ११ हजारांवर दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ मागितली, ती मिळाली तर ७ टक्क्यांनी सगळं मिळून २३ लाख ९९ हजार.

वकीलबाईंनी कागद वाचला आणि दोन गोष्टी जोडल्या. पहिली, हप्ता महिन्याच्या ५ तारखेपर्यंत बँक खात्यातच जमा व्हावा, रोख नाही, म्हणजे किती आले आणि किती चुकले हे पासबुकच बोलेल. दुसरी, फ्लॅटमधल्या त्याच्या हिश्श्यावर बोजा.

भाऊंनी निघताना तिन्ही कागदांचे फोटो काढून घेतले. दारात थांबून म्हणाले, "साहेब, त्या व्यापाऱ्याचे दोन महिन्यांचे तीन रुपये म्हणजे वर्षाला किती टक्के पडले हो?" मी सांगितलं, चक्रवाढ न धरता पन्नासच्या वर. त्यांनी एकदा शिट्टी वाजवली आणि विचारलं, "मग तो बँकेतून का नाही उचलत?"